मध्यरात्र ओलांडणारी पाळी: दिवसाचे आणि रात्रीचे तास वेगळे कसे काढावेत

प्रश्न: आमच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या छोट्या कारखान्यात एक ऑपरेटर संध्याकाळी ६ ते रात्री २.३० अशी पाळी करतो. मध्ये रात्री १०.३० ला अर्धा तास बिनपगारी जेवणाची सुट्टी असते. करारानुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या कामाला तासाला १०० रुपये आणि इतर वेळेला ८० रुपये द्यायचे आहेत. एक्सेलमध्ये वेळांची वजाबाकी केली की नुसत्या ##### अशा खुणा दिसतात. बारानंतरचे तास रात्रीचे आणि आधीचे दिवसाचे, असे धरायचे का? कधीकधी तो साडेचारपर्यंत थांबतो, तेव्हा हिशोब कसा करायचा?

उत्तर:

तुमच्या ऑपरेटरच्या नेहमीच्या पाळीत दिवसाच्या दराचे ४ तास आणि रात्रीच्या दराचे ४ तास भरतात, म्हणजे त्याची त्या पाळीची मजुरी ३२० अधिक ४०० अशी ७२० रुपये होते. बारा वाजता रेघ मारून तास वाटू नयेत. तुमच्या करारात दर बदलतो तो रात्री १० ला आणि सकाळी ६ ला; मध्यरात्रीला दराच्या दृष्टीने काहीच घडत नाही. मध्यरात्रीला घडते ते एवढेच, की घड्याळ २४ वरून ० वर येते आणि तारीख बदलते. यातली पहिली गोष्ट एक्सेलला अडवते आणि दुसरी हजेरीपत्रकाला. दर कधी बदलतो, घड्याळ कधी शून्यावर येते आणि हजेरीचा दिवस कधी संपतो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि या विषयातल्या बहुतेक चुका त्यांची एकमेकांत सरमिसळ झाल्याने होतात.

बारा वाजता वाटणी केली असती तर काय झाले असते ते पाहा. सहा ते बारा या सहा तासांतून सुट्टीचा अर्धा तास वजा जाऊन साडेपाच तास दिवसाच्या दराने, म्हणजे ४४० रुपये, आणि उरलेले अडीच तास रात्रीच्या दराने, म्हणजे २५० रुपये. एकूण ६९० रुपये. पाळीमागे ३० रुपये कमी पडतात आणि महिन्यात २६ पाळ्या धरल्या तर ७८० रुपयांचा फरक पडतो. पगाराच्या एकूण आकड्यात ही रक्कम नजरेत भरण्याइतकी मोठी नसते, त्यामुळे अशी चूक महिनोन्महिने तशीच चालू राहते, आणि उघडकीस येते तेव्हा मागची सगळी थकबाकी एकदम द्यावी लागते.

सूत्राकडे जाण्याआधी कराराचे शब्द एकदा नीट वाचावेत, असा माझा आग्रह असतो. खासगी कारखान्यांत रात्रीच्या कामाचा वाढीव दर बहुधा कायद्यातून येत नाही. तो युनियनबरोबरच्या करारातून, स्थायी आदेशांतून किंवा नेमणूकपत्रातून येतो, आणि त्याचे रूप ठिकाणागणिक वेगळे असते. काही ठिकाणी ‘रात्रपाळी भत्ता प्रति पाळी अमुक रुपये’ असे लिहिलेले असते. तसे असेल तर तासांची वाटणी करण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न फक्त एवढाच उरतो की कोणत्या पाळीला रात्रपाळी म्हणायचे. काही ठिकाणी पाळीचे निम्म्याहून जास्त तास रात्रीत पडले तर सगळ्या पाळीला वाढीव दर लागू होतो. तुमच्याकडे ‘या वेळेतल्या कामाला’ असे शब्द आहेत, म्हणून प्रत्यक्ष त्या खिडकीत पडलेली मिनिटे मोजणे हाच त्याचा सरळ अर्थ होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या रात्रकार्य भत्त्यातही रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ असेच धरले आहे. जुलै २०२० च्या आदेशानुसार त्यात रात्रीच्या प्रत्येक तासाला १० मिनिटांचे अधिक वजन दिले जाते. तो आदेश तुमच्या कारखान्याला लागू नाही, पण खिडकीत पडलेले काम मोजून त्यावर वाढ देण्याची पद्धत तीच आहे.

आता घड्याळाची अडचण. एक्सेल वेळ साठवते ती दिवसाचा अपूर्णांक म्हणून. संध्याकाळचे ६ म्हणजे ०.७५ आणि रात्रीचे २.३० म्हणजे सुमारे ०.१०४. लहानातून मोठा आकडा वजा केला की उत्तर उणे येणार, आणि उणे वेळ एक्सेलला वेळेच्या रूपात दाखवता येत नाही, म्हणून पेशीत ##### दिसते. नुसते एकूण तास हवे असतील तर `=MOD(C2-B2,1)` एवढे पुरते आणि उत्तर बरोबर ८.३० येते. पुष्कळ लोक इथेच थांबतात. पण या सूत्राने फक्त लांबी मिळते. ती लांबी घड्याळाच्या कोणत्या भागावर पसरली आहे ते हरवते, आणि आपल्याला तर नेमके तेच हवे आहे.

म्हणून घड्याळ गोल आहे हे विसरून वेळ एका सरळ रेषेवर मांडावी. पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस सुरू होतानाची मध्यरात्र म्हणजे शून्य, आणि तिथून पुढे मोजत जायचे, बारा वाजले म्हणून पुन्हा शून्यावर यायचे नाही. मग संध्याकाळचे ६ म्हणजे १८ तास, रात्रीचे १० म्हणजे २२ तास, मध्यरात्र म्हणजे २४, रात्रीचे २.३० म्हणजे २६.५ आणि दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ६ म्हणजे ३० तास. या रेषेवर पाळी १८ ते २६.५ अशी एक सलग पट्टी होते आणि रात्रीची खिडकी २२ ते ३० अशी दुसरी पट्टी होते. दोन पट्ट्या एकमेकींवर जिथे येतात तो भाग म्हणजे रात्रीच्या दराचे काम. तो भाग सुरू होतो दोन सुरुवातींपैकी जी उशिराची असेल तिथे, म्हणजे २२ ला, आणि संपतो दोन शेवटांपैकी जो आधीचा असेल तिथे, म्हणजे २६.५ ला. उत्तर ४.५ तास. उशिराची सुरुवात म्हणजे MAX आणि आधीचा शेवट म्हणजे MIN. पट्ट्या एकमेकींना शिवतच नसतील तर वजाबाकी उणे येते, म्हणून बाहेरून शून्याशी आणखी एक MAX. पाळ्यांच्या वाटणीचे सगळे गणित या एका कल्पनेवर उभे आहे.

एका बाबतीत मात्र ही एकच खिडकी कमी पडते. एखादा कामगार मध्यरात्रीनंतर, म्हणजे समजा १२.३० ला कामावर आला, तर त्याची सुरुवात रेषेवर ०.५ ला पडते आणि त्याला लागणारी रात्र ही ० ते ६ ची असते, २२ ते ३० ची नव्हे. पहाटे ५ ला येणाऱ्याचेही तसेच. त्याचा एक तास रात्रीत मोडतो. म्हणून ० ते ६ ही दुसरी खिडकीही सूत्रात धरावी लागते. तिसरी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या रात्रीची खिडकी ४६ व्या तासाला उघडते; तिथपर्यंत पोहोचायला २२ तासांहून लांब पाळी लागेल, म्हणून ती सोडून दिली तरी चालते.

जेवणाच्या सुट्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एकूण तासांतून अर्धा तास वजा करणे सगळे जण करतात, पण तो कोणत्या दराच्या तासांतून वजा करायचा हे ठरवल्याशिवाय मजुरी निघत नाही. तुमच्या ऑपरेटरची सुट्टी १०.३० ते ११ आहे, म्हणजे ती पूर्णपणे रात्रीच्या खिडकीत आहे. म्हणून साडेचारातून अर्धा वजा होऊन रात्रीचे ४ तास राहतात आणि दिवसाचे ४ तास अबाधित राहतात. हाच अर्धा तास दिवसाच्या भागातून वजा केला तर मजुरी ७३० रुपये निघते, म्हणजे पाळीमागे १० रुपये जास्त. एखादा व्यवस्थापक सुट्टी सोयीने रात्रीतच धरतो आणि युनियन ती दिवसातच धरा म्हणते. दोन्ही बाजूंचा वाद मिटवायचा सरळ मार्ग म्हणजे सुट्टीची प्रत्यक्ष वेळ नोंदवणे आणि पाळीला लावतो तीच ओव्हरलॅपची कसोटी सुट्टीलाही लावणे. सुट्टी ९.४५ ते १०.१५ अशी सीमेवर पडली तरी मग प्रश्न उरत नाही. पंधरा मिनिटे इकडे आणि पंधरा मिनिटे तिकडे आपोआप जातात. सुट्टी पगारी असेल तर अर्थात काहीच वजा करायचे नाही.

आता पत्रक. A रकान्यात पाळीची तारीख, B मध्ये आत येण्याची वेळ, C मध्ये बाहेर जाण्याची वेळ, D आणि E मध्ये सुट्टीची सुरुवात आणि शेवट, असे धरू. मी वेळा सुरुवातीलाच पूर्ण मिनिटांत बदलून घेतो. त्यामुळे पुढचे सगळे आकडे पूर्णांक राहतात आणि डोळ्यांनी तपासता येतात. संध्याकाळचे ६ म्हणजे १०८० मिनिटे, रात्रीचे १० म्हणजे १३२०, दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ६ म्हणजे १८००, आणि त्याच दिवशीचे सकाळचे ६ म्हणजे ३६०.

F, G, H आणि I या चार रकान्यांत अनुक्रमे पाळीची सुरुवात, पाळीचा शेवट, सुट्टीची सुरुवात आणि सुट्टीचा शेवट:

```
F2: =ROUND(B2*1440,0)
G2: =ROUND(C2*1440,0)+IF(C2<B2,1440,0)
H2: =ROUND(D2*1440,0)+IF(D2<B2,1440,0)
I2: =ROUND(E2*1440,0)+IF(E2<B2,1440,0)
```

नियम सगळीकडे एकच आहे: जी वेळ आत येण्याच्या वेळेपेक्षा लहान दिसते ती दुसऱ्या दिवशीची आहे, म्हणून तिच्यात १४४० मिनिटे मिळवायची. सुट्टी ११.४५ ते १२.१५ अशी मध्यरात्रीवरून गेली तरी हा नियम तिला बरोबर सांभाळतो. सुट्टी घेतलीच नसेल आणि D, E दोन्ही रिकामे असतील तर दोघांनाही १४४० मिळतात, सुट्टीची लांबी शून्य निघते आणि काही बिघडत नाही. दोघांपैकी एकच रकाना भरला गेला तर मात्र खोटीच लांबलचक सुट्टी निघते. म्हणून शेजारी एक तपासणीचा रकाना ठेवून `COUNT(D2:E2)` चे उत्तर १ आले तर ती ओळ लाल करावी.

यानंतर J मध्ये पाळीचा रात्रीत पडणारा भाग, K मध्ये सुट्टीचा रात्रीत पडणारा भाग, L मध्ये रात्रीची निव्वळ मिनिटे, M मध्ये एकूण निव्वळ मिनिटे आणि N मध्ये दिवसाची मिनिटे:

```
J2: =MAX(0,MIN(G2,1800)-MAX(F2,1320))+MAX(0,MIN(G2,360)-F2)
K2: =MAX(0,MIN(I2,1800)-MAX(H2,1320))+MAX(0,MIN(I2,360)-H2)
L2: =J2-K2
M2: =(G2-F2)-(I2-H2)
N2: =M2-L2
```

तुमच्या पाळीचे आकडे घालून पाहू. F मध्ये १०८० आणि G मध्ये १५९० येतात. H मध्ये १३५० आणि I मध्ये १३८०. J मध्ये १५९० वजा १३२०, म्हणजे २७०. K मध्ये ३०. L मध्ये २४०. M मध्ये ५१० वजा ३०, म्हणजे ४८०. N मध्ये २४०. दरांच्या पेशी S1 मध्ये ८० आणि S2 मध्ये १०० अशा ठेवल्या, तर मजुरीचे सूत्र असे:

```
=ROUND(N2/60*$S$1+L2/60*$S$2,2)
```

उत्तर ७२०.

दिवसाची मिनिटे वेगळी न मोजता मी ती एकूणातून रात्रीची वजा करून काढली आहेत, हे मुद्दाम केले आहे. दोन्ही भाग स्वतंत्रपणे मोजले आणि दोन्हींना वेगवेगळे पूर्णांकन लावले, तर पाळीची बेरीज एकूण वेळेशी जुळत नाही. आत येणे ५.५२ ला आणि बाहेर जाणे २.३६ ला अशा खऱ्या वेळा पंचिंग मशीनमधून येतात, तेव्हा हा प्रश्न रोज उभा राहतो. तुमच्याकडे वेळ पंधरा मिनिटांना पूर्ण करण्याची पद्धत असेल तर ती आत आणि बाहेरच्या वेळांनाच आधी लावावी आणि वाटणी त्यानंतर करावी. वाटून झालेल्या भागांना लावू नये. आणि पूर्णांकन नेहमी कामगाराच्या तोट्याच्याच बाजूला जात असेल तर ते तपासणीत टिकत नाही, हेही लक्षात असू द्या.

ही वाट न धरता वेळेच्या रूपातच हिशोब करणाऱ्यांकडून दोन चुका हमखास होतात. पहिली, चार तासांच्या पेशीला थेट ८० ने गुणणे. चार तास म्हणजे दिवसाचा सहावा भाग, त्यामुळे उत्तर ३२० न येता १३.३३ येते, मजुरी अवास्तव लहान दिसली की आधी २४ ने गुणायचे राहिले का ते पाहावे. दुसरी चूक महिन्याच्या बेरजेत होते. रात्रीच्या तासांची बेरीज १०४ तास असताना पेशीत ८:०० दिसते, कारण साधे hh:mm रूप प्रत्येक २४ तासांना पुन्हा शून्यापासून सुरू होते. तिथे पेशीचे रूप `[h]:mm` असे द्यावे लागते. मिनिटांत काम केले तर या दोन्ही भानगडी मुळातच येत नाहीत.

सूत्र बरोबर बसले की नाही हे एका पाळीवरून कळत नाही. मी नवीन पत्रक हातात आले की सुट्टीचे रकाने रिकामे ठेवून काही ठरावीक वेळा घालून J रकाना पाहतो. सकाळी ८ ते दुपारी ४.३० ला शून्य आले पाहिजे. रात्री १० ते सकाळी ६ ला ४८०. रात्री १२.३० ते सकाळी ९ ला ३३०. इथे शून्य आले तर ० ते ६ ची खिडकी सूत्रात राहून गेली आहे, आणि ही चूक सर्वांत जास्त सापडते. पहाटे ५ ते दुपारी १ ला ६०. रात्री ८ ते सकाळी ६.३० ला ४८०; इथे ५१० आले तर सकाळच्या ६ ची मर्यादा लागत नाही असे समजावे.

साडेचारपर्यंत थांबण्याचा प्रश्न यावरच रचला जातो. जादा काम म्हणजे पाळीचे शेपूट: ठरलेली मर्यादा भरल्यानंतरची मिनिटे. ती मर्यादा किती हे सूत्रात कोंबू नका, वेगळ्या पेशीत ठेवा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली दिवसाला ९ तासांवर किंवा आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर, अशी सवय सगळ्यांना आहे. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत दिवसाचे काम ८ तासांचे धरले आहे. तुमची पाळीच निव्वळ ८ तासांची आहे, म्हणून मी इथे S3 मध्ये ४८० मिनिटे धरतो. S4 मध्ये रात्रीच्या जादा कामाचा दर ठेवू.

साडेचारला बाहेर पडला म्हणजे G मध्ये १७१० येतात, एकूण निव्वळ मिनिटे ६०० होतात आणि त्यातली १२० जादा कामाची. ही १२० मिनिटे रेषेवर १५९० ते १७१० या टप्प्यात आहेत आणि ती सगळीच्या सगळी रात्रीत आहेत. शेपूट रात्रीत किती पडते ते असे काढावे:

```
O2: =MAX(0,M2-$S$3)
P2: =MAX(0,MIN(G2,1800)-MAX(G2-O2,1320))
```

शेपटात सुट्टी पडत नाही असे इथे गृहीत आहे; जादा कामाच्या काळात पुन्हा बिनपगारी सुट्टी देत असाल तर तीही वेगळी वजा करावी लागेल. P चे काम कधी पडते ते वेगळ्या पाळीवर दिसते. रात्री ८ ते सकाळी ६.३०, मध्ये अर्धा तास सुट्टी, अशा पाळीत जादा कामाची १२० मिनिटे ४.३० ते ६.३० या वेळेत येतात. त्यातली ९० रात्रीत आणि ३० दिवसात मोडतात. जादा कामाचा दर रात्रीसाठी वेगळा आणि दिवसासाठी वेगळा असेल तर ही वाटणी लागतेच.

तुमच्या प्रश्नाचा खरा कळीचा भाग इथे आहे: दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? ८० च्या दुप्पट १६०, की १०० च्या दुप्पट २००? जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये साधारण दराची व्याख्या मूळ वेतन आणि कामगाराला त्या वेळी लागू असलेले भत्ते अशी होती. त्यातून बोनस आणि जादा कामाची मजुरी वगळली होती. रात्रीच्या तासांना मिळणारी वाढ त्या तासांपुरती त्याला लागू असते, म्हणून रात्रीत पडलेल्या जादा तासांना १०० ची दुप्पट देणे मला योग्य वाटते, आणि तपासणीच्या वेळी ही बाजू मांडायलाही सोपी जाते. १६० अधिक २० अशी मधली वाट काढणारे कारखाने मी पाहिले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की दुप्पट फक्त मूळ दराची आणि रात्रीची वाढ एकदाच. करारात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर या वाटेने जाऊ नये. पुढचा करार होईल तेव्हा मात्र हे वाक्य त्यात नक्की लिहून घ्यावे, कारण दोन्ही बाजूंना आज वेगवेगळे अर्थ लावता येतात.

२०० धरून त्या दिवसाचा हिशोब असा होतो. दिवसाचे ४ तास ८० ने, ३२० रुपये. रात्रीचे एकूण ६ तास, त्यातले २ जादा कामाचे. उरलेले ४ तास १०० ने, ४०० रुपये. जादा २ तास २०० ने, ४०० रुपये. एकूण ११२० रुपये. इथे एक घसरण सांभाळायची आहे: रात्रीचे ६ तास आधी १०० ने मांडले आणि त्यावर जादा कामाचे २ तास पुन्हा २०० ने मांडले, तर त्या दोन तासांचे पैसे तिप्पट जातात. म्हणून L मधून P वजा करूनच रात्रीची साधी मजुरी काढावी, आणि दिवसाच्या मिनिटांतून O वजा P एवढी मिनिटे काढावीत:

```
=ROUND((N2-(O2-P2))/60*$S$1+(L2-P2)/60*$S$2+P2/60*$S$4+(O2-P2)/60*2*$S$1,2)
```

S4 मध्ये २०० घातले की ११२० येतात.

राहता राहिली तारीख. मध्यरात्रीनंतरचे अडीच तास कोणत्या दिवसाच्या हजेरीत धरायचे, याचे उत्तर कायद्यात आहे. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ नुसार पाळी मध्यरात्रीपलीकडे जात असेल तर मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि त्या कामगाराचा ‘पुढचा दिवस’ म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे २४ तास. २०२० च्या संहितेच्या कलम २८ मध्येही हाच नियम ठेवला आहे. म्हणून पत्रकात एका पाळीला एकच ओळ आणि तिची तारीख पाळी सुरू झाली ती. मध्यरात्रीला ओळ तोडून दोन तारखांना दोन तुकडे टाकले तर साडेचारपर्यंत चाललेल्या पाळीचे तास साडेपाच आणि साडेचार असे दिसतात, एका सलग पाळीत झालेले दोन जादा तास कुठल्याच दिवशी मर्यादा ओलांडत नाहीत आणि जादा काम पत्रकातून नाहीसेच होते.

याचा परिणाम साप्ताहिक सुट्टीवरही होतो. शनिवारी संध्याकाळी ६ ला आलेला ऑपरेटर रविवारी पहाटे २.३० ला घरी गेला, तर त्याची सुट्टी रविवारी २.३० पासून सोमवारी २.३० पर्यंतची. रविवारचे ते अडीच तास सुट्टीच्या दिवशीचे काम होत नाहीत. ते शनिवारचे आहेत. पण त्याला सोमवारी पहाटे १ ला पुन्हा बोलावले, तर तारीख सोमवारची असली तरी त्याची सुट्टी संपलेली नसते.

महिनाअखेरीलाही तोच न्याय. ३१ मार्चची पाळी १ एप्रिलच्या पहाटे संपली तरी तिचे सगळे तास मार्चच्या पगारात जातात. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. ३० जूनच्या संध्याकाळी सुरू झालेल्या पाळीला मी सुरुवातीच्या तारखेचा दर लावतो आणि तसे पगारपत्रकावर नोंदवतो, जेणेकरून दोन तारखांचे दोन दर एका ओळीत मिसळणार नाहीत.

शेवटी पंचिंग मशीन. तुमच्या अडचणीचे एक टोक कदाचित तिथेच असेल. बरीच यंत्रे तारखेनुसार पहिला पंच ‘आत’ आणि शेवटचा पंच ‘बाहेर’ असे धरतात. मग १२ तारखेला संध्याकाळी ६ चा पंच एकटाच पडतो, ‘बाहेरचा पंच नाही’ असा शेरा येतो, आणि १३ तारखेच्या पहाटेचा २.३० हा त्या दिवशीचा ‘आत’ आणि संध्याकाळचा ६ हा ‘बाहेर’ होतो. पत्रकात साडेपंधरा तासांची भलतीच पाळी दिसली की समजावे, हेच झाले आहे. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हजेरीचा दिवस कधी बदलायचा ती वेळ बहुधा ठरवता येते. संध्याकाळच्या पाळीतल्या कामगारांसाठी ती दुपारी १२ ठेवावी. मग पहाटेचा पंच आदल्या दिवसाच्या जोडीला जातो. सकाळी ८ ला येणाऱ्या कामगारांना मात्र हीच वेळ लावू नये, नाहीतर त्यांचा सकाळचा पंच आदल्या दिवशी जाऊन बसेल. म्हणून ही वेळ पाळीच्या गटानुसार लावता येते का ते पाहावे. यंत्र पूर्ण तारीख आणि वेळ एकत्र देत असेल तर ते उत्तमच. मग G मध्ये IF ची गरज उरत नाही, `=ROUND((C2-A2)*1440,0)` एवढ्यावर काम भागते, फक्त F मध्येही तसेच `B2-A2` करावे, सुट्टीच्या वेळाही तारखेसकट भराव्यात आणि H, I मध्येही IF काढून `D2-A2`, `E2-A2` करावे.

ऑपरेटरच्या हातात जाणाऱ्या पगाराच्या पावतीवर या तिन्ही गोष्टी एका आकड्यात दडवू नका. दिवसाचे तास आणि दर, रात्रीचे तास आणि दर, जादा तास आणि दर अशा तीन ओळी वेगळ्या दाखवा. पत्रकातले N, L, O आणि P हे रकाने तुमच्याकडे तयार आहेतच, त्यामुळे त्यांना वेगळी मेहनत लागत नाही, आणि हिशोबात कुठे चुकले तर ते आधी कामगाराच्याच लक्षात येते.